पंचावन्न दिवसांचा उच्चांक, वीस दिवसांचा नीचांक

गेल्या 55 बाजारदिवसांत सोन्याचा जो सर्वांत वरचा भाव झाला तो, आणि जो सर्वांत खालचा झाला तो, अशा दोन रेषा तक्त्यावर ओढल्या की मध्ये एक पट्टा तयार होतो. याच पट्ट्याला चॅनल म्हणतात. भाव बहुतेक दिवस या पट्ट्यातच वरखाली होत राहतो आणि तोवर काही करायचे नसते. ज्या दिवशी भाव वरची रेषा ओलांडतो त्या दिवशी खरेदी करायची. खालची रेषा तोडतो त्या दिवशी विक्री. रेषा ओलांडण्याच्या या घटनेला ब्रेकआउट हे नाव आहे. सौदा करण्याचा हा नियम एवढाच आहे आणि तो शाळकरी मुलालाही पाच मिनिटांत समजावता येतो. पद्धतीचा खरा जीव मात्र पुढच्या दोन प्रश्नांत आहे. किती माल घ्यायचा आणि कधी बाहेर पडायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे नसतील तर रेषा कितीही अचूक ओढल्या तरी खाते टिकत नाही.

ही कल्पना रिचर्ड डॉनचियन यांच्या नावाने ओळखली जाते. 1905 मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी एका आर्मेनियन कुटुंबात जन्मलेल्या डॉनचियन यांनी 1949 मध्ये फ्यूचर्स इन्कॉर्पोरेटेड हा निधी सुरू केला. लोकांचे पैसे गोळा करून वायदेबाजारात गुंतवणाऱ्या पहिल्या निधींमध्ये त्याची गणना होते. डॉनचियन यांचा चार आठवड्यांचा नियम प्रसिद्ध आहे. मागच्या पूर्ण चार आठवड्यांचा उच्चांक मोडला की खरेदी करायची, चार आठवड्यांचा नीचांक तुटला की ती विकून उलट बाजूला विक्री करायची. या नियमाप्रमाणे माणूस कायम बाजारात असतो, कधी तेजीच्या बाजूला, कधी मंदीच्या. तेव्हा व्यापाऱ्यांच्या हाती संगणक नव्हते. आठवड्याचे भाव वहीत लिहून पेन्सिलीने हे काम होत असे, आणि नियमाच्या साधेपणाचे एक कारण तेही असावे.

उच्चांकाला खरेदी करणे बाजाराबाहेरच्या माणसाला उलटे वाटते. भाजी असो की सोने, स्वस्त असताना घ्यावे हीच घरातली शिकवण असते. पण या पद्धतीमागचे तर्कशास्त्र पक्के आहे. कोणत्याही मोठ्या तेजीला कधी ना कधी मागचा उच्चांक ओलांडावाच लागतो. तो न ओलांडता भाव दीडपट होऊच शकत नाही. म्हणून प्रत्येक ब्रेकआउटला खरेदी करणाऱ्याच्या हातून एकही मोठी तेजी निसटत नाही. याचे उलटे मात्र खरे नाही. उच्चांक ओलांडणारी प्रत्येक चाल मोठी होत नाही, किंबहुना बहुतेक चाली चारदोन दिवसांत मागे फिरतात. एकही मोठी चाल न सुटण्याची किंमत म्हणून अनेक खोट्या चालींचा तोटा सोसायचा, असा हा व्यवहार आहे.

भाव मुळात एका दिशेने लांबवर का जातात, याची कारणे माणसांच्या वागण्यात आहेत. दुष्काळ, युद्ध किंवा व्याजदरातला बदल यांचा पूर्ण परिणाम एका दिवसात भावात उतरत नाही. तांब्याचा कारखानदार, सराफ, निर्यातदार, बँका हे सगळे आपापल्या गरजेप्रमाणे आठवडे-महिने खरेदीविक्री करत राहतात. शिवाय मागच्या उच्चांकाला माल घेऊन अडकलेले लोक आपली मुद्दल परत मिळायची वाट पाहत असतात. भाव तिथे आला की ते विकतात, आणि म्हणून भाव पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी अडखळतो. तो एकदा त्या पलीकडे गेला की अशा विक्रेत्यांची रांग संपलेली असते. ही कारणे दर वेळी लागू पडतात असे नाही, पण उच्चांकाची रेषा अगदीच मनमानी नाही, एवढे त्यांवरून दिसते.

डॉनचियन यांच्या कल्पनेला संपूर्ण यंत्रणेचे रूप मिळाले ते शिकागोत. वायद्यांचे व्यापारी रिचर्ड डेनिस आणि त्यांचे मित्र, गणिताचे अभ्यासक विल्यम एकहार्ट यांच्यात एक वाद होता. चांगला व्यापारी शिकवून घडवता येतो, असे डेनिस म्हणत. एकहार्टना तसे वाटत नव्हते. निकाल लावण्यासाठी 1983 च्या अखेरीस त्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, उमेदवार निवडले, त्यांना दोन आठवडे शिकवले आणि डेनिस यांच्या पैशाने सौदे करायला बसवले. पुढच्या वर्षी दुसरी तुकडी घेतली गेली. सिंगापुरात पाहिलेल्या कासवांच्या पैदास केंद्रावरून डेनिस यांनी या शिष्यांना कासवे म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. या शिष्यांपैकी कर्टिस फेथ यांनी पुढे ते नियम जाहीर केले, म्हणून ते आज तपशिलासह उपलब्ध आहेत.

कासवांकडे दोन पट्टे होते. एक 20 दिवसांचा, जलद. दुसरा 55 दिवसांचा, म्हणजे अकरा आठवड्यांचा, संथ. जलद पट्ट्यात खोटे इशारे जास्त येतात, आणि ते गाळण्यासाठी मागचा इशारा फायद्यात गेला असेल तर पुढचा सोडून द्यायचा असा एक जोडनियम होता. संथ पट्ट्यात असे काही नव्हते. येईल तो प्रत्येक इशारा घ्यायचा. पुढचे विवेचन या दुसऱ्या, 55 दिवसांच्या पट्ट्याचे आहे, कारण नोकरीधंदा सांभाळून रोज संध्याकाळी अर्धा तास देणाऱ्याला तोच झेपण्यासारखा आहे.

पट्टा मोजताना आजचा दिवस धरायचा नसतो. आजचा उच्चांक मोजणीत घेतला तर भाव त्या रेषेच्या वर कधीच जाऊ शकणार नाही, कारण आजची रेषा आजच्या भावाबरोबरच वर सरकेल. स्प्रेडशीटमध्ये नव्याने बसणाऱ्यांची पहिली चूक बहुधा हीच असते. ती ओळखणेही सोपे आहे: दहा वर्षांच्या आकड्यांवर एकही इशारा आला नाही, तर मोजणीत आजचा दिवस शिरलेला असतो.

आता किती माल घ्यायचा हा प्रश्न. सोने, चांदी, तांबे आणि कच्चे तेल या चार वस्तूंत प्रत्येकी एक लॉट घेतला तर जोखीम समान वाटली गेली असे होत नाही. एका लॉटची किंमत वेगळी, आणि दिवसाकाठी भाव किती हलतो तेही वेगळे. कासवांनी यासाठी रोजच्या सरासरी चढउताराचे माप वापरले आणि त्याला एन हे अक्षर दिले. एका दिवसाचा चढउतार म्हणजे त्या दिवसाचा उच्च भाव वजा नीच भाव, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण बाजार कधी कधी कालच्या भावापासून उडी मारूनच उघडतो. काल सोने 59,900 ला बंद झाले आणि आज 60,050 ते 60,300 या भावांत फिरले, तर आजचा दिसणारा पल्ला 250 रुपयांचा आहे. कालपासून सोने ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी मात्र भाव 400 रुपये हलला. म्हणून कालचा बंद भाव धरून जो सर्वांत मोठा फरक येईल तो खरा पल्ला मानतात. हे माप वेल्स वाइल्डर यांनी 1978 च्या आपल्या पुस्तकात मांडले होते. अशा खऱ्या पल्ल्यांची वीस दिवसांची सरासरी म्हणजे एन. सुरुवातीला साधी सरासरी काढायची. नंतर रोज कालच्या एनला 19 ने गुणून त्यात आजचा पल्ला मिळवायचा आणि 20 ने भागायचे. कालचा एन 500 आणि आजचा पल्ला 700 असेल तर नवा एन 510 होतो.

स्प्रेडशीटमध्ये ब स्तंभात सुरुवातीचा, क मध्ये उच्च, ड मध्ये नीच आणि इ मध्ये बंद भाव असा क्रम, इंग्रजी अक्षरांच्या B ते E स्तंभांत, ठेवला आणि F मध्ये खरा पल्ला, G मध्ये एन काढला, तर 57 व्या ओळीतल्या दिवसासाठी चार सूत्रे पुरतात: वरची रेषा, बाहेर पडण्याची खालची रेषा, खरा पल्ला आणि एन.

```
=MAX(C2:C56)
=MIN(D37:D56)
=MAX(C57-D57, C57-E56, E56-D57)
=(19*G56+F57)/20
```

पहिल्या दोन सूत्रांत 57 वी ओळ नाही, हे मुद्दाम आहे.

मालाचे प्रमाण ठरवण्याचा नियम असा: भाव एक एन एवढा विरुद्ध गेला तर खात्याचा एक टक्का जावा, एवढाच माल घ्यायचा. एवढ्या मालाला एक युनिट म्हणतात. मुंबईच्या मल्टी कमॉडिटी एक्स्चेंजवरच्या गोल्ड मिनी वायद्याचे उदाहरण घेऊ. त्याचा लॉट 100 ग्रॅमचा आणि भाव 10 ग्रॅमचा असतो. म्हणजे भाव एक रुपयाने हलला की एका लॉटमागे दहा रुपये होतात. इथले भाव हिशेब समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. खाते 20 लाखांचे, सोन्याचा एन 500 रुपये. एका लॉटमागे एक एन म्हणजे 5,000 रुपये. खात्याचा एक टक्का 20,000. तेव्हा 4 लॉट. उद्या बाजार खवळून एन 1,000 झाला तर नव्या सौद्यात 2 लॉटच बसतील. चांदीच्या 5 किलोच्या मिनी लॉटमध्ये एन किलोमागे 1,200 रुपये असेल तर एका लॉटचे 6,000 होतात आणि भागाकार 3.33 येतो; अपूर्णांक नेहमी सोडून द्यायचा, म्हणजे 3 लॉट. शांत वस्तू जास्त आणि खवळलेली वस्तू कमी घेतल्याने सगळ्यांचा धक्का खात्याला साधारण सारखाच बसतो.

इथेच लहान खातेदाराची अडचण उघडी पडते. सोन्याचा मोठा लॉट 1 किलोचा आहे. त्याच 500 रुपयांच्या एनला त्याच्या एका लॉटमागे 50,000 रुपये होतात आणि 20 लाखांच्या खात्यात असा एक लॉटही बसत नाही. भागाकार एकाहून कमी आला तर सौदा सोडायचा असतो. पण भाव रेषेच्या पलीकडे गेलेला डोळ्यांना दिसत असतो, आणि "एक तर घेऊ" म्हणून माणूस घेतो. त्या क्षणी पद्धत संपलेली असते, कारण तिथून पुढे तोट्याचा आकार नियमाने ठरत नाही. लॉटचा आकार तो ठरवतो.

आता सौदा सुरू करू. 55 दिवसांचा उच्चांक 60,000 आहे. भाव त्याच्या वर गेला आणि 60,010 ला 4 लॉट मिळाले. त्याच वेळी स्टॉप-लॉस लावायचा असतो, खरेदीच्या भावापासून दोन एन खाली, म्हणजे 59,010 ला. तो लागला तर 1,000 रुपये गुणिले 40, असे 40,000 रुपये, म्हणजे खात्याचे दोन टक्के जातात. दोन एनचे अंतर ठेवण्याचे कारण साधे आहे. भाव रोज सरासरी एक एन हलतोच; स्टॉप-लॉस अर्ध्या एनवर ठेवला तर चाल बरोबर असूनही नेहमीच्या चढउतारातच सौदा तुटेल.

कासवे इथे थांबत नसत. भाव अर्धा एन पुढे गेला की आणखी एक युनिट, असे एका वस्तूत चार युनिटांपर्यंत वाढवत आणि दर वेळी सगळ्या मालाचा स्टॉप-लॉस शेवटच्या खरेदीपासून दोन एन खाली आणत. आपल्या उदाहरणात पुढच्या खरेद्या 60,260, 60,510 आणि 60,760 ला होतात. आता हातात 16 लॉट आहेत आणि स्टॉप-लॉस 59,760 ला. भाव इथूनच मागे फिरला तर चार युनिटांचे तोटे 250, 500, 750 आणि 1,000 रुपये, मिळून 2,500. गुणिले 40 म्हणजे एक लाख. खात्याचे पाच टक्के एकाच सौद्यात. शिवाय 16 लॉट सोन्याची किंमत साधारण 96 लाख, खात्याच्या जवळपास पाचपट. दहा टक्के मार्जिन धरले तरी साडेनऊ लाखांहून अधिक रक्कम एकाच वस्तूत अडकते. कासवे हे डेनिस यांच्या भांडवलावर आणि अनेक बाजार हाती ठेवून करत होती. स्वतःच्या बचतीवर काम करणाऱ्याने एका युनिटची जोखीम एक टक्क्याऐवजी पाव किंवा अर्धा टक्का ठेवणे आणि माल वाढवण्याचा भाग सुरुवातीला वगळणेच शहाणपणाचे. त्यामुळे नफाही त्याच प्रमाणात घटतो, पण पद्धतीचा गाभा बदलत नाही.

दुसरी मर्यादा एकत्र हलणाऱ्या वस्तूंची आहे. सोने आणि चांदी बहुतेक वेळा एकाच दिशेने जातात. दोन्हींत चार-चार युनिटे घेतली तर कागदावर ते दोन सौदे दिसतात, प्रत्यक्षात मात्र आठ युनिटांचा एकच सौदा असतो. म्हणून कासवांना जवळच्या नात्यातल्या वस्तूंत मिळून सहा, दूरच्या नात्यातल्यांत दहा आणि एका दिशेला एकंदर बारा युनिटांची कमाल मर्यादा होती. प्रत्येक सौद्याची जोखीम काटेकोर मोजणारी माणसेही हे विसरतात आणि एकाच वाईट सकाळी त्यांचे सगळे स्टॉप-लॉस एकत्र लागतात.

बाहेर पडण्याचा नियम आत शिरण्याच्या नियमाचेच छोटे रूप आहे. 55 दिवसांच्या उच्चांकाला घेतलेला माल 20 दिवसांचा नीचांक तुटला की विकायचा. ही खालची रेषा भाव वर जाईल तशी मागून वर सरकत येते. घसरण लागली तर जागच्या जागी थांबते; सौदा चालू असताना तिला खाली जाऊ द्यायचे नसते. म्हणूनच तिला ट्रेलिंग, म्हणजे मागे चालणारा स्टॉप म्हणतात. सौदा सुरू होताना आपल्या उदाहरणात 20 दिवसांचा नीचांक 58,200 ला आहे, म्हणजे दोन एनच्या स्टॉप-लॉसच्याही खाली. त्यामुळे पहिले काही आठवडे राखण दोन एनची रेषा करते. सहा आठवड्यांनी भाव 64,000 वर आणि 20 दिवसांचा नीचांक 61,200 वर आला, की राखण मागून येणाऱ्या रेषेकडे जाते. समजा भाव पुढे 66,400 पर्यंत चढला, तिथून घरंगळू लागला आणि 64,150 चा नीचांक तोडून 64,140 ला सगळा माल विकला गेला. सोळा लॉटची सरासरी खरेदी 60,385. फरक 3,755 रुपये. गुणिले 160, म्हणजे 6,00,800 रुपये नफा.

हा आकडा पाहून हुरळून जाण्याआधी दुसरा पाहायला हवा. भाव शिखरावर असताना खात्यात 9,62,400 रुपयांचा नफा दिसत होता. त्यातले 3,61,600 रुपये, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, बाहेर पडेपर्यंत परत गेले. आणि हे अपघाताने झाले नाही. पद्धतच तशी आहे. शिखर कुठे आहे हे तिला कळत नाही, ते मागे पडल्यावरच कळते. शेवटच्या आठवड्यांत रोज नफा ओसरताना पाहणे हा या पद्धतीचा सर्वांत जड भाग आहे, आणि तोट्यापेक्षाही तिथेच अधिक माणसे नियम मोडतात. 65,500 ला घाईने विकले तर त्या सौद्यात पैसे जास्त मिळतील, हे खरे. पण तीच घाई 62,000 लाही झाली असती, आणि वर्षातून एकदोनदा येणारी लांब चाल हातून गेली असती. सगळ्या छोट्या तोट्यांची भरपाई त्याच चालीतून व्हायची असते.

ते छोटे तोटे किती, हेही स्पष्ट पाहिले पाहिजे. अशा पद्धतींत दहापैकी सहा-सात सौदे तोट्यात जाणे नेहमीचे आहे. दर सौद्याला दोन टक्के या हिशेबाने ओळीने दहा तोटे झाले तर खाते साधारण 18 टक्क्यांनी खाली येते, वीस झाले तर 33 टक्क्यांनी. भाव अनेक महिने त्याच पट्ट्यात घुटमळत राहिला, वरची रेषा जेमतेम ओलांडून परतला, मग खालची ओलांडून परतला, की असे तोटे एकामागून एक येतात. या काळासाठी डेनिस यांचा एक नियम होता: खाते दहा टक्क्यांनी घटले की पुढची युनिटे खाते वीस टक्क्यांनी लहान आहे असे समजून मोजायची. त्यामुळे घसरण मंदावते. भरून यायला मात्र वेळ जास्त लागतो. पद्धत बिघडली आहे की नेहमीचा कोरडा काळ चालू आहे, हे दहा सौद्यांवरून सांगता येत नाही. पाहण्यासारखे एवढेच असते की प्रत्येक तोटा ठरलेल्या दोन टक्क्यांच्या आसपास आहे का. तोटे संख्येने जास्त पण आकाराने नेमके असतील तर दोष बाजाराच्या स्थितीचा. आकाराने मोठे होत असतील तर दोष अंमलबजावणीचा.

तोट्याचा आकार हाताबाहेर जाण्याचे एक कारण मात्र कोणाच्याच हातात नसते. स्टॉप-लॉस हा एक आदेश आहे, हमी नाही. बाजार बंद असताना भाव बदलला तर सौदा उडीच्या पलीकडच्या भावाला होतो. 19 ऑक्टोबर 1987 ला अमेरिकी शेअरबाजार एका दिवसात 22 टक्क्यांहून जास्त कोसळला आणि दुसऱ्या सकाळी अल्पमुदतीच्या व्याजदरांचे वायदे मोठी उडी मारूनच उघडले. विरुद्ध बाजूला असलेल्यांना मधल्या कोणत्याही भावाला बाहेर पडता आले नाही. मुंबईकरांच्या आठवणीतले उदाहरण 20 एप्रिल 2020 चे आहे. टाळेबंदीमुळे एक्स्चेंजचे कामकाज तेव्हा संध्याकाळी पाचला थांबत होते. त्यानंतर रात्री न्यूयॉर्कमध्ये कच्च्या तेलाचा संपत आलेला वायदा शून्याखाली गेला आणि मुंबईतल्या वायद्याचा हिशेब पिंपामागे उणे 2,884 रुपयांनी झाला. त्या वसंतात तेल महिनोन् महिने घसरत होते, त्यामुळे पट्ट्याचा नियम पाळणारा बहुधा विक्रीच्या बाजूला असता आणि वायदा संपायच्या आधीच पुढच्या महिन्यात गेलेला असता. पण दोन एनवर लावलेला आदेश बंद बाजारात काहीच करू शकत नाही, हे त्या रात्रीने दाखवले. म्हणूनच एका युनिटची जोखीम ठरवताना तोटा दोनऐवजी पाच-सहा एनचा झाला तरी खाते उभे राहील का, असा हिशेब करावा लागतो.

रोजच्या व्यवहारातले छोटे खर्चही असतात. मोठ्या उच्चांकाच्या किंचित वर अनेकांचे खरेदीचे आदेश एकत्र थांबलेले असतात. रेषा ओलांडली जाताच ते सगळे एकदम सुटतात आणि 60,010 ऐवजी 60,060 भाव मिळतो. संथ पट्ट्यात सौदे कमी असल्याने हा खर्च सोसतो; पट्टा जसा आखूड तसा तो जड होत जातो.

जुन्या भावांवर ही पद्धत तपासताना दोन गोष्टी हमखास फसवतात. वायद्याला मुदत असते. एक वायदा संपला की पुढच्या महिन्याचा धरावा लागतो, आणि दोघांच्या भावात व्याज व साठवणुकीच्या खर्चाएवढे अंतर असते. दोन्ही मालिका नुसत्या जोडल्या तर जोडाच्या दिवशी भाव उडी मारल्यासारखा दिसतो आणि खोटा ब्रेकआउट उमटतो. इशाऱ्यांच्या तारखा पाहाव्यात. त्या वायदा बदलण्याच्या दिवसांभोवती गोळा झाल्या असतील तर मागची सगळी मालिका त्या अंतराएवढी सरकवून घ्यावी लागते. शेअरचेही असेच. एकास एक बोनस दिला की भाव एका रात्रीत निम्मा होतो, आणि न सुधारलेल्या आकड्यांत तो दिवस भयंकर मंदीचा दिसतो. मंदीच्या बाजूचे सौदे तपासताना हेही ध्यानात ठेवावे लागते की सामान्य गुंतवणूकदाराला रोखीच्या बाजारात हाती नसलेला शेअर विकून दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवता येत नाही. त्या बाजूचे सौदे मुख्यतः वायद्यांतच शक्य आहेत.

दुसरी फसवणूक आकडे निवडण्याची. 55 या संख्येत काही जादू नाही. त्याच मालिकेवर 45, 50, 60 आणि 70 दिवसांचे पट्टे तपासले तर निकाल थोडेफार मागेपुढे होतील, पण चित्र सारखेच राहायला हवे. 55 ला उत्तम नफा आणि 50 व 60 ला तोटा असे दिसले, तर तो नफा त्या काळातल्या एखाददुसऱ्या चालीने योगायोगाने दिलेला असतो. तीच कसोटी सौद्यांवरही लावता येते: दहा वर्षांच्या निकालातले सर्वांत मोठे तीन सौदे काढून टाकायचे आणि उरलेला हिशेब पाहायचा. लांब चालींवर जगणाऱ्या पद्धतीत तो बहुधा तोट्याकडे झुकतो, आणि ते स्वाभाविक आहे. पण तेच तीन सौदे एकाच वस्तूत आणि एकाच वर्षात झालेले असतील, तर हाती लागलेली चीज त्या वर्षाची आठवण असते, आणि ती तपासणी दुसऱ्या वस्तूंच्या आकड्यांवर पुन्हा करावी लागते.